तीन खेळाडू, दोन नाणी आणि रडीचा डाव

प्रश्न: मी सहावी-सातवीला गणित शिकवते. संभाव्यतेची ओळख म्हणून मुलांकडून नाणे दहा वेळा उडवून घेतले, पण बऱ्याच गटांना पाच-पाच आलेच नाही. एका गटाला सात छापे आले आणि मुले म्हणाली, "बाई, नाणं खोटं आहे." नाणी आणि फासे वापरून न्याय्य-अन्याय्य खेळ कसे घ्यावेत? नेमके कोणते घ्यावेत?

उत्तर:

आधी त्या नाण्याची बाजू घेतो, कारण ते बिचारे खरे आहे. दहा वेळा नाणे उडवले तर छापा-काट्याचे १,०२४ वेगवेगळे क्रम संभवतात आणि त्यांपैकी नेमके पाच छापे असलेले क्रम फक्त २५२ आहेत, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा. उलट एक बाजू सात वेळा किंवा त्याहून जास्त वेळा आली, असे क्रम ३५२ आहेत, म्हणजे एक-तृतीयांशाहून किंचित जास्त. वर्गात आठ गट असतील तर साधारण दोघांनाच पाच-पाच मिळणार आणि दोन-तीन गटांचा निकाल सात-तीन किंवा त्याहून कललेला असणार. म्हणजे तुमच्या वर्गात जे घडले ते घडायलाच हवे होते. चूक झाली असेल तर ती दोन ठिकाणी: फेकी फार थोड्या होत्या, आणि प्रयोग असा निवडला होता की त्यात मुलांना शोधायला काहीच नव्हते. एका नाण्याला दोन बाजू आहेत म्हणून निम्मे-निम्मे, हे मुलांना आधीच ठाऊक असते. त्यामुळे प्रयोगातून नवे काही हाती लागत नाही, फक्त ठाऊक असलेली गोष्ट खोटी ठरल्यासारखी वाटते.

म्हणून मी एका नाण्यापासून सुरुवात करतच नाही. पहिल्या तासाला दोन नाणी आणि तीन खेळाडू घेतो. दोन्ही नाणी एकदम टाकायची. दोन्हींवर छापा आला तर पहिल्या खेळाडूला एक गुण, दोन्हींवर काटा आला तर दुसऱ्याला, आणि एकावर छापा, एकावर काटा आला तर तिसऱ्याला. माझ्या एका वर्गातल्या मुलांनी या तिघांची नावे जोडछापा, जोडकाटा आणि मिसळ अशी ठेवली होती. तेव्हापासून मीही तीच वापरतो, कारण "मिश्र निष्पत्ती" म्हटले की मुलांचे डोळे खिडकीबाहेर जातात.

खेळ सुरू करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारून उत्तरे फळ्यावर नोंदवणे फार महत्त्वाचे आहे. पहिला प्रश्न: हा खेळ न्याय्य आहे का, म्हणजे तिघांनाही जिंकण्याची सारखीच संधी आहे का? दुसरा: तुम्हाला तिघांपैकी कोण व्हायला आवडेल? पहिल्याला जवळजवळ सगळा वर्ग "हो" म्हणतो, कारण तीन शक्यता आणि तीन खेळाडू असे सरळ दिसते. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक हात जोडछाप्यासाठी वर होतात, कारण छापा हा मुलांना शुभ वाटतो. हे हात मोजून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत आणि तो कोपरा तास संपेपर्यंत पुसू नये. अंदाज लिहून ठेवलेला नसेल तर निकाल पाहिल्यावर प्रत्येक जण "मला आधीच माहीत होतं" असेच म्हणतो.

आता साहित्य. चौघांचा एक गट करावा: तीन खेळाडू आणि एक नोंदनीस. नाणी हवेत उडवू देऊ नयेत. ती बाकाखाली घरंगळतात, आणि एक-दोन हुशार बोटे अशी असतातच की ती नाणे हवे तसे पाडतात. त्यापेक्षा दोन्ही नाणी डब्यात किंवा पेल्यात घालून, नीट हलवून, घडी घातलेल्या जुन्या चादरीवर किंवा दप्तरावर उपडी करावीत. आवाजही कमी होतो आणि शेजारच्या वर्गाची तक्रारही येत नाही. कोणत्या बाजूला छापा म्हणायचे आणि कोणत्या बाजूला काटा, हे आधी सगळ्या वर्गाचे मिळून ठरवावे, म्हणजे सिंहाची बाजू छापा आणि आकड्याची बाजू काटा. पहिल्या फेरीत दोन्ही नाणी एकाच किमतीची द्यावीत. त्याचे कारण पुढे येईल. प्रत्येक गटाने ३० फेकी कराव्यात आणि नोंदनिसाने पाच-पाचच्या ताळ्याच्या खुणा कराव्यात.

आठ गटांच्या एका वर्गात फळ्यावर काय आले ते सांगतो. पहिल्या गटात जोडछापा ८, जोडकाटा ६, मिसळ १६. पाचव्या गटात ९, ४ आणि १७. पण तिसऱ्या गटात १०, ९ आणि ११ आले, आणि सहाव्या गटात ६, १२ आणि १२. तिसऱ्या गटाचे ठाम मत पडले की खेळ अगदी न्याय्य आहे. सहाव्या गटातला जोडकाटा म्हणाला की आपण आणि मिसळ बरोबरीत आहोत, अन्याय झाला तो फक्त जोडछाप्यावर. बाकीच्या गटांतून मात्र "हा रडीचा डाव आहे, सर" अशी ओरड सुरू झाली होती. या क्षणी शिक्षकाने मध्ये पडून उत्तर सांगू नये. फक्त विचारावे, की तुमचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, तर आता कोणाचे खरे मानायचे? थोड्या वादानंतर कोणी तरी म्हणतेच की सगळ्यांची बेरीज करू या. आमची बेरीज जोडछापा ६४, जोडकाटा ५८ आणि मिसळ ११८, एकूण २४० अशी झाली. ३० फेकींत जे धूसर होते ते २४० फेकींत लख्ख दिसले. मिसळ एकटा बाकी दोघांच्या बेरजेइतका होता, जवळपास निम्मा. तिसरा आणि सहावा गट खोटे खेळले नव्हते, ३० फेकींत इतके इकडे-तिकडे होतेच, हेही मुलांना या बेरजेतूनच कळले. तुमच्या सात छाप्यांचे उत्तर द्यायची खरी जागा इथे आहे.

आता "असे का?" हा प्रश्न येतो, आणि खरे काम इथे सुरू होते. मुले म्हणतात, शक्यता तर तीनच आहेत, मग मिसळ दुप्पट का येतो? या वेळी एक रुपयाचे आणि पाच रुपयांचे अशी वेगळी दिसणारी नाणी हातात द्यावीत आणि प्रत्येक फेकीला कोणत्या नाण्यावर काय आले ते लिहायला सांगावे. दहा-बारा फेकींतच दिसते की मिसळ दोन तऱ्हांनी येतो: रुपया छापा आणि पाच काटा, किंवा रुपया काटा आणि पाच छापा. जोडछापा मात्र एकाच तऱ्हेने येतो, आणि जोडकाटाही. म्हणजे शक्यता तीन नाहीत, चार आहेत, आणि त्यांतल्या दोन मिसळच्या आहेत.

इथे एक अडचण हमखास येते, आणि ती घाईने झाकू नये. एखादा मुलगा म्हणतो, "नाणी वेगळी होती म्हणून चार झाल्या. मघाची नाणी सारखीच होती, तेव्हा तीनच होत्या." हा आक्षेप उत्तम आहे. पहिल्या फेरीत सारखी नाणी द्यायची ती हा आक्षेप यावा म्हणूनच. त्याला मी दोन गोष्टी करायला सांगतो. एक, त्याच सारख्या नाण्यांपैकी एकावर नखरंगाचा लहानसा ठिपका लाव आणि मला सांग, ठिपका लावल्यामुळे नाणी वेगळी पडायला लागतील का? दोन, नाणी एकदम टाकू नकोस, एकामागून एक टाक. पहिले पडले, समजा छापा आला. आता दुसरे नाणे एक तर त्याच्यासारखे पडणार, नाही तर वेगळे पडणार. दोन्हींची संधी सारखीच आहे. पहिल्यावर काटा आला असता तरी हेच म्हणावे लागले असते. म्हणजे निम्म्या वेळा नाणी जुळणार आणि निम्म्या वेळा जुळणार नाहीत. न जुळणाऱ्या सगळ्या वेळा मिसळच्या, आणि जुळणाऱ्या वेळा जोडछापा आणि जोडकाटा यांनी आपसांत वाटून घ्यायच्या. ही मांडणी मला चार शक्यतांच्या यादीपेक्षाही अधिक पटणारी वाटते, कारण यादीतल्या चारही ओळी समान संधीच्या का मानायच्या, याचे कारण तिच्यातच आहे.

मुलांना या चुकीबद्दल जराही ओशाळे वाटू देऊ नये. फ्रान्समधला थोर गणितज्ञ द'आलंबेर याने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या छापा-काट्यावरच्या नोंदीत याच जातीची चूक केली होती. दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संधी किती, असा प्रश्न होता. पहिल्याच फेकीला छापा आला तर दुसरी फेक करायचीच कशाला, असा विचार करून त्याने तीनच शक्यता धरल्या: छापा, काट्यानंतर छापा, आणि काट्यानंतर काटा. तिघींना सारखे वजन देऊन उत्तर काढले दोन-तृतीयांश. बरोबर उत्तर तीन-चतुर्थांश आहे. शक्यता मोजणे आणि समान वजनाच्या शक्यता मोजणे यांतला फरक त्याच्याही नजरेतून निसटला. वर्गात ही गोष्ट सांगितली की आक्षेप घेणारा मुलगा थोडा ताठ बसतो.

पहिला तास मी "खेळ दुरुस्त करा" या सूचनेने संपवतो. नियम असा की नाणी तीच, खेळाडू तिघेच, फक्त गुण बदलायचे. बहुतेक गट जोडछापा आणि जोडकाट्याला दोन-दोन गुण आणि मिसळला एक गुण इथपर्यंत पोहोचतात. काही जण चौथा खेळाडू आणून मिसळचे दोन भाग करतात. नियमात ते बसत नसले तरी त्यांना विषय कळला आहे, असे समजावे.

दुसऱ्या तासाला फासे घ्यावेत. बेरजेचा खेळ सगळीकडे घेतला जातो, पण मला वजाबाकीचा जास्त आवडतो. त्यात आकडे लहान असतात, आणि अन्याय इतका बेमालूम लपलेला असतो की मोठी माणसेही फसतात. दोन फासे टाकायचे आणि मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा. उत्तर ०, १ किंवा २ आले तर "जवळचा" जिंकला. ३, ४ किंवा ५ आले तर "लांबचा" जिंकला. सहा उत्तरे आणि प्रत्येकाला तीन. कालच्या अनुभवाने सावध झालेली मुलेसुद्धा इथे पुन्हा "न्याय्य" म्हणतात. मात्र एखादी मुलगी "थांबा, आधी मोजू द्या" म्हणाली, तर काल शिकवलेले रुजले आहे असे समजावे.

फासे शक्यतो दोन रंगांचे असावेत, समजा एक लाल आणि एक पांढरा. पुठ्ठ्याचे घरी केलेले फासे या खेळाला चालत नाहीत. चिकटवायच्या पट्ट्या ज्या बाजूला जास्त असतात ती बाजू जड होते आणि खाली बसू लागते. ल्युडोच्या डब्यातले स्वस्त प्लास्टिकचे फासे पुरेसे आहेत, फक्त समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते का ते पाहून घ्यावे. एखादा आकडा चुकून दोनदा छापलेला असला तर तो तिथेच पकडला जातो. प्रत्येक जोडीने ३६ फेकी कराव्यात. इथे नाण्यांच्या खेळासारखी सगळ्या वर्गाची बेरीज करण्याची वाट पाहावी लागत नाही. अन्याय इतका मोठा आहे की जवळजवळ प्रत्येक जोडीत जवळचाच पुढे असतो.

कारण शोधायला सहा बाय सहाचा तक्ता लागतो. आडव्या ओळी लाल फाशाच्या, उभे रकाने पांढऱ्या फाशाचे, आणि चौकटीत वजाबाकी:

१ची ओळ: ० १ २ ३ ४ ५
२ची ओळ: १ ० १ २ ३ ४
३ची ओळ: २ १ ० १ २ ३
४ची ओळ: ३ २ १ ० १ २
५ची ओळ: ४ ३ २ १ ० १
६ची ओळ: ५ ४ ३ २ १ ०

हा तक्ता शिक्षकाने फळ्यावर भरून देऊ नये, मुलांनी वहीत भरावा. सारख्या आकड्यांच्या चौकटी एकाच रंगाने रंगवल्या की तिरपे पट्टे दिसतात, आणि मोजणी सोपी होते: शून्य ६ वेळा, एक १० वेळा, दोन ८ वेळा, तीन ६ वेळा, चार ४ वेळा आणि पाच २ वेळा. जवळच्याच्या चौकटी २४, लांबच्याच्या १२. अन्याय थेट दुप्पट आहे.

इथली एक चूक नेहमी होते आणि ती करणारी मुले हुशार असतात. काल त्यांनी शिकलेले असते की छापा-काटा आणि काटा-छापा वेगळे धरायचे, म्हणून आज ती तक्ता न करता यादी करू लागतात आणि लाल ३, पांढरा ३ ही जोडीही दोनदा लिहितात. मग शून्याच्या १२ तऱ्हा होतात आणि एकूण ४२. एकूण ३६ येत नाही असे दिसले की हाच संशय घ्यावा. अशा वेळी समजावत बसण्यापेक्षा दोन फासे हातात द्यावेत आणि सांगावे, की लाल ३, पांढरा ५ असे ठेव. आता ती जोडी उलटी करून दाखव. जमले. आता लाल ३, पांढरा ३ ठेव आणि तेही उलटे करून दाखव. फासे तसेच राहतात आणि मुलगा हसतो.

यानंतर पुन्हा दुरुस्ती. गुणांनी करायची तर सोपे आहे: लांबच्याला जिंकल्यावर दोन गुण आणि जवळच्याला एक. पण मी अट घालतो की प्रत्येक विजयाला एकच गुण राहील, फक्त सहा उत्तरे दोघांत नव्याने वाटायची. आता प्रत्येकाला १८ चौकटी मिळाल्या पाहिजेत. म्हणजे ६, १०, ८, ६, ४ आणि २ या सहा संख्यांचे दोन समान ढीग करायचे. मुले यात अर्धा तास रमतात आणि आपण बेरजांचा सराव करतो आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. असे वाटप तीनच प्रकारे होते. पहिल्यात एकाला १ आणि २ मिळतात, दुसऱ्याला ०, ३, ४ आणि ५. दुसऱ्यात एकाला ०, १ आणि ५, दुसऱ्याला २, ३ आणि ४. तिसऱ्यात एकाला सगळी विषम उत्तरे, दुसऱ्याला सगळी सम, शून्य धरून. पहिले वाटप फळ्यावर आले की त्यावर जरूर थांबावे. एकाला दोनच उत्तरे, दुसऱ्याला चार, आणि तरी खेळ न्याय्य. कालच्या "तीन शक्यता, तीन खेळाडू, म्हणून न्याय्य" या वाक्याचे उत्तर इथे मुलांच्याच हातून लिहिले जाते. मग हा दुरुस्त खेळ ३६ फेकी खेळून पाहावा. २१-१५ असा निकाल आला तर कोणी "पुन्हा रडीचा डाव" म्हणते का, आणि म्हणाले तर दुसरे कोणी "सगळ्यांची बेरीज करा" असे सुचवते का, हे ऐकत राहावे.

नोंदींबद्दल एक सूचना. काही गट फेकींचा कंटाळा येऊन बसल्या जागी नोंदी "बनवतात". एका नाण्याच्या फेकी क्रमाने लिहायला सांगितल्या असतील तर हे ओळखता येते. बनवलेल्या नोंदीत छापा-काटा सारखे आलटून-पालटून येतात, कारण सलग चार छापे लिहायला मुलांना खोटे वाटते. खऱ्या २० फेकींत मात्र एकच बाजू सलग चार किंवा जास्त वेळा येण्याचा प्रसंग चारांतून तीन वेळा येतो. हे पकडल्यावर रागावू नये. दोन्ही नोंदी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून खरी कोणती ते वर्गालाच ओळखायला लावावे.

या दोन्ही तासांत फक्त अपूर्णांक वापरावेत: चारातल्या दोन, छत्तिसातल्या चोवीस. नमुना अवकाश, घटना हे शब्द आणि सूत्र दहावीच्या पुस्तकात येणारच आहेत. आता ते दिले तर मुले चौकटी मोजायचे सोडून सूत्रात आकडे भरू लागतात.

तिसरा तास मिळाला तर बाटलीचे झाकण किंवा कवडी आणावी आणि एकदाच विचारावे: हे उताणे पडण्याची संधी किती? बाजू दोन आहेत म्हणून निम्मी, असे उत्तर येईल, आणि ते लगेच खोडू नये. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत म्हणून आपण न टाकताही मोजू शकलो, झाकणाच्या तशा नाहीत. इथे कोणताही तक्ता कामाला येत नाही, टाकून मोजण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि प्रत्येक जातीच्या झाकणाचे उत्तर निराळे निघते. प्रत्येक गटाने एकाच प्रकारचे झाकण ५० वेळा टाकावे आणि बेरीज फळ्यावर घ्यावी. मग दोन खेळाडूंचा न्याय्य खेळ याच झाकणावर बसवायला सांगावा. उताण्याला किती गुण आणि पालथ्याला किती, हे ठरवताना मुलांची भांडणे होतात, कारण ४०० फेकींनंतरही उत्तर नेमके नसते. कोणी म्हणते तीनास दोन, कोणी म्हणते सातास पाच, आणि अजून शंभर वेळा टाकू या, असे सुचवणारा मुलगा मधल्या सुट्टीतही झाकण घेऊन बसतो.